गार आणि ऊन

परवा संध्याकाळी पाळकसाहेबांकडे गेलो होतो. ते माझे शेजारी, चर्चमधून निवृत्त झालेले. मी शाळेतून निवृत्त झालेला. दोघांनाही वेळ भरपूर, म्हणून दर गुरुवारी आम्ही एक उद्योग करतो. ते मला ग्रीक शिकवतात आणि मी त्यांना चहाबरोबर मराठी व्याकरणातल्या कुरापती ऐकवतो. बायबलातलं रोमकरांस पत्र आम्ही मूळ ग्रीकमधून, दिवसाला पाच-सात ओळी या वेगाने वाचत आहोत. या वयात परीक्षेची भीती नसल्यामुळे शिकणं फार सुखाचं होतं, हे आधीच सांगून टाकतो.

तर परवा त्यांची नात आली होती. कॉलेजात शिकते. तिच्या हातात इंग्रजी बायबल. म्हणाली, "आजोबा, मला हे कळत नाही. आधी पौल म्हणतो मला सुवार्तेची लाज वाटत नाही, देवाचं सामर्थ्य आहे वगैरे. सगळं छान चाललंय. आणि मग एकदम नवीन मथळा, आणि त्याखाली देवाचा क्रोध! हा माणूस एका क्षणात इतका कसा बदलतो?"

पाळकसाहेबांनी उत्तर दिलं नाही. आपलं छोटं ग्रीक पुस्तक उघडलं आणि तिच्यापुढे ठेवून एका शब्दावर बोट टेकलं. तीन अक्षरांचा शब्द. "हा तुझ्या पुस्तकात शोध बघू," म्हणाले. तिने शोधला. नव्हता.

तो शब्द म्हणजे 'गार'. आपलं गार पाणी नव्हे! ग्रीकमध्ये 'गार' म्हणजे साधारणपणे 'कारण'. आणि त्याचा भाऊबंद आहे 'ऊन', म्हणजे 'म्हणून' किंवा 'तर मग'. मी पहिल्यांदा हे दोन शब्द ऐकले तेव्हा हसून घेतलं. कारण सांगायचं तर गार आणि निष्कर्ष काढायचा तर ऊन! पण लक्षात राहायला याहून चांगली सोय नाही.

या पत्राबद्दल दोन शब्द आधी सांगायला हवेत. पौलाने ते इसवी सन ५६-५७ च्या सुमारास, बहुधा करिंथ शहरातून, रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं. लिहिलं म्हणजे सांगितलं. कागदावर उतरवून घेणारा वेगळाच होता, तर्तियुस नावाचा, आणि शेवटच्या अध्यायात तो मध्येच स्वतःचा नमस्कारही सांगून घेतो. रोममधल्या बहुतेकांनी ते डोळ्यांनी वाचलं नसणार, कुणीतरी मोठ्याने वाचलेलं कानांनी ऐकलं असणार. आणि जो वाचत होता त्याच्यापुढे कसा मजकूर होता? सगळी मोठी अक्षरं, एकाला एक चिकटलेली. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं जवळजवळ नाहीत, परिच्छेद नाहीत, मथळे तर नाहीतच. अध्याय पाडले गेले तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, ते काम इंग्लंडच्या स्टीफन लँग्टनचं मानलं जातं. ओव्यांसारखे क्रमांक घातले रॉबेर एतिएन या मुद्रकाने, १५५१ मध्ये. म्हणजे पहिली जवळजवळ दीड हजार वर्षं या पत्रात आजच्यासारखे क्रमांक नव्हते.

मग ऐकणाऱ्याला कसं कळायचं की आता मुद्दा संपला, आता कारण येतंय, आता निष्कर्ष? हे काम हेच छोटे शब्द करत. ग्रीक माणसाला वाक्यामागून वाक्य नुसतं ठेवून देणं आवडत नसे. प्रत्येक वाक्य आधीच्याला कुठल्या नात्याने लागलंय ते तो सांगत असे. नातं सांगितलं नाही तर तेच ऐकणाऱ्याच्या कानाला लागत असे, जेवताना खडा लागावा तसं. रोमकरांस पत्रात ४३३ वचनं आहेत आणि त्यांत एकशे चाळीसहून जास्त वेळा 'गार' येतो. म्हणजे सरासरी दर तीन वचनांमागे एक!

या 'गार'ची एक गंमत अशी की तो वाक्याच्या सुरुवातीला कधी येत नाही. नेहमी दुसऱ्या जागी, कधी तिसऱ्या. 'नाही-कारण मला लाज वाटत' असा काहीसा क्रम. ज्यांनी थोडं संस्कृत केलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. आपला 'हि' असाच बसतो, आणि अर्थही पुष्कळदा तोच, 'कारण'. 'तु' आणि 'च' सुद्धा पहिल्या जागी बसत नाहीत. मराठीतला 'तर' पहा ना, "मी तर गेलोच नाही" म्हणतो आपण. वाक्याचा पहिला शब्द आधी घरात शिरतो आणि हे चिमुकले त्याच्या मागोमाग. आणि आपल्याकडचे जुने भाष्यकार या चिमुकल्यांना किती मान देत! ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातल्या चौथ्या सूत्रात एक एकाक्षरी 'तु' आहे. शंकराचार्य त्या एका अक्षरावरून सांगतात की इथे आधीच्या प्रतिपक्षाचं मत बाजूला सारलं आहे. कॉलेजात आम्हाला हे शिकवलं तेव्हा मला ती नसती चिकित्सा वाटली होती. आता वाटत नाही.

बरं, नातीच्या प्रश्नाकडे वळतो. पहिल्या अध्यायातली पंधरा ते अठरा ही वचनं घ्या. मी शब्दशः भाषांतर करत नाही, फक्त सांगाडा माझ्या मराठीत मांडतो.

पौल म्हणतो, तुम्हा रोमकरांनाही सुवार्ता सांगायला मी उत्सुक आहे. इथे ऐकणारा मनात विचारतो, का बुवा? राजधानीत येऊन, एका क्रुसावर मेलेल्या माणसाची गोष्ट सांगायची, आणि उत्सुक? त्यावर उत्तर येतं: लाज वाटत नाही-गार. का लाज वाटत नाही? सामर्थ्य-गार, ते विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या तारणासाठी देवाचं सामर्थ्य आहे, आधी यहुद्याच्या आणि मग ग्रीकाच्याही. ते सामर्थ्य कसं काय? नीतिमत्त्व-गार, देवाचं नीतिमत्त्व तिच्यात प्रकट होतं. आणि ते प्रकट होण्याची गरज कुठून आली? प्रकट होतो-गार, माणसांच्या सगळ्या अधर्मावर देवाचा क्रोध स्वर्गातून प्रकट होतो.

चार वेळा 'गार', एकामागून एक. मधे श्वास घ्यायलाही जागा नाही. आणि 'प्रकट होणे' हे क्रियापद सतराव्या आणि अठराव्या वचनात तेच आहे, त्याच रूपात. सतराव्यात ते वाक्याच्या पोटात आहे आणि अठराव्यात पौलाने ते उचलून अगदी पुढे आणून ठेवलंय. एकीकडे नीतिमत्त्व प्रकट होतं, दुसरीकडे क्रोध प्रकट होतो, आणि दोघांच्या मध्ये 'गार'. म्हणजे क्रोध हा नवा विषय नाहीच. सुवार्ता का लागते याचं ते कारण आहे. डॉक्टरने "हे औषध चांगलं आहे" म्हणावं आणि मग आजार सांगावा, तसं. आजार सांगताना डॉक्टर रागावलेला नसतो.

आमच्या नगर जिल्ह्यात जुन्या बारवा आहेत. पायऱ्यांनी खाली उतरत जायचं, पाणी तळाशी. मला ही वचनं वाचताना बारवच आठवली. प्रत्येक 'गार' ही एक पायरी खाली. वर पौलाची उत्सुकता, खाली तिचं कारण, त्याच्याखाली त्याचं कारण. आणि हे उतरणं अठराव्या वचनापाशी थांबत नाही. क्रोध का? कारण देवाविषयी जे कळण्यासारखं आहे ते त्यांना उघड आहे (इथे 'दिओती' हा शब्द आहे, 'गार'चाच जरा लांबट नातेवाईक). उघड कसं? जे डोळ्यांना दिसत नाही ते सृष्टीवरून समजतं-गार. त्यामुळे त्यांना सबब उरलेली नाही. का उरलेली नाही? दिओती, देवाला ओळखूनही त्यांनी त्याला मान दिला नाही. हा बारवेचा तळ, एकविसावं वचन. मग पौल वर चढायला लागतो. चोविसाव्या वचनात पहिल्यांदा 'दिओ' येतो, म्हणजे 'म्हणूनच'. म्हणूनच देवाने त्यांना मोकळं सोडून दिलं. सव्विसाव्यात 'या कारणाने' असं पुन्हा. सोळापासून एकवीसपर्यंत तो कारणांच्या पायऱ्या उतरतो आणि चोविसापासून परिणामांच्या पायऱ्या चढतो.

खरोखर पायरी आहे की नुसता बोलण्याचा चाळा, हे कसं ओळखायचं? पाळकसाहेबांनी मला एक साधी कसोटी शिकवली आहे. साखळी उलटी वाचायची आणि प्रत्येक 'कारण'च्या जागी 'म्हणून' घालायचं. क्रोध प्रकट होतो आहे, म्हणून नीतिमत्त्व प्रकट व्हायला हवं होतं आणि झालं, म्हणून सुवार्ता हे सामर्थ्य, म्हणून लाज नाही, म्हणून उत्सुकता. उलटं वाचूनही साखळी तुटली नाही तर ते खरं कारण. मात्र सतरा आणि अठरा यांच्यातला सांधा सर्वांत अवघड आहे हे मान्य करायला हवं. काही अभ्यासकांना तिथे 'गार'चा अर्थ 'पण' असा वाटला आहे, नीतिमत्त्व एकीकडे *पण* क्रोध दुसरीकडे. मला ते पटत नाही. 'पण' म्हणायला ग्रीकमध्ये 'दे' आहे, 'अल्ला' आहे, आणि पौलाला दोन्ही चांगले ठाऊक होते. तीन वेळा 'कारण' या अर्थी वापरलेला शब्द चौथ्या वेळी, लगेच पुढच्या वाक्यात, उलट्या अर्थाने घ्यायचा तर तसं सबळ कारण दिसायला हवं.

मग नातीच्या पुस्तकात तो चौथा 'गार' का नव्हता? ते न्यू इंटरनॅशनल व्हर्जन नावाचं इंग्रजी भाषांतर, खूप खपणारं. त्यात सतराव्या वचनानंतर नवा मथळा आहे आणि अठरावं वचन सरळ क्रोधापासून सुरू होतं. १६११ च्या जुन्या इंग्रजी भाषांतरात चारही ठिकाणी 'फॉर' आहे. आधुनिक इंग्रजीत एकामागून एक चार वाक्यं 'फॉर'ने सुरू केली तर जुनाट वाटतं, आणि मथळ्याच्या लगेच खाली 'कारण' आलं तर कशाचं कारण ते कळत नाही. त्यामुळे भाषांतरकाराने तो काढला असावा. लबाडी काही नाही, वाचकाची सोयच पाहिली. पण त्या सोयीने पायरीच गेली, आणि मुलीला वाटलं की पौलाचा मूड बदलला!

मी मात्र त्या भाषांतरकाराला फार बोलू शकत नाही. तीसेक वर्षं मुलांच्या निबंधांतले 'कारण' मीच लाल शाईने कापत आलो. "मला पावसाळा आवडतो कारण सगळीकडे हिरवळ असते कारण पाऊस पडतो कारण ढग येतात." यावर मी समासात 'पुनरुक्ती' असं लिहीत असे. त्या पोराची साखळी तर बिनचूक होती!

मराठीत ही अडचण आणखी एका बाजूने येते. ग्रीकला आधी निष्कर्ष आणि मग कारण हा क्रम सोयीचा, कारण त्याच्याकडे 'गार' आहे. आपला ओढा बहुधा उलटा. आपण कारण आधी सांगतो, "पाऊस असल्यामुळे आलो नाही." भाषांतरकाराने प्रत्येक वाक्य असं सुबक मराठी वळणाने उलटवलं, तर एकेक वाक्य छान होईल पण चार वाक्यांची मिळून जी उतरण आहे ती जाईल, कारण प्रत्येक पायरी मागच्या पायरीला लागूनच असावी लागते. आणि न उलटवता चार वेळा 'कारण' घातलं तर माझ्यासारखा एखादा मास्तर लाल पेन घेऊन बसलेलाच. मराठीत हे काम करणाऱ्यांत पंडिता रमाबाई होत्या. संस्कृत तर त्यांच्या घरचंच. केडगावला असताना त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून संपूर्ण बायबलाचं मराठी भाषांतर केलं. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते पूर्ण छापून आलं. 'हि' आणि 'तु' लहानपणापासून कानावर असलेल्या बाईंना 'गार' आणि 'दे' भेटले तेव्हा काय वाटलं असेल, असा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो.

आता दुसरी जागा. मला तर ही पहिलीपेक्षाही जास्त आवडते, कारण इथे एक छोटा शब्द सापळा लावून बसला आहे.

पहिल्या अध्यायाचा शेवट म्हणजे दुर्गुणांची लांबलचक यादी आहे. हेवा, कपट, चहाडी, गर्व, निर्दयपणा. आणि हे सगळं 'ते' करतात. सगळा उतारा तृतीय पुरुषात आहे. ऐकणारा मान डोलावतो आहे, खरंय हो, हल्ली लोक असेच झालेत. इथे अध्याय संपतो. पुस्तक मिटवून माणूस समाधानाने झोपायला जाऊ शकतो.

पण अध्याय पौलाने संपवलेला नाही, तो तेराव्या शतकात संपवला गेला. पौलाचं पुढचं वाक्य सुरू होतं 'दिओ'ने. *म्हणूनच*, अरे माणसा, दुसऱ्याचा न्याय करणारा तू कुणीही अस, तुला सबब नाही. 'ते' गेले आणि 'तू' आला. 'दिओ' हा वाक्याच्या सुरुवातीलाच बसणारा, ठासून सांगणारा शब्द आहे. 'ऊन'पेक्षा त्याचा सूर वरचा.

इथे अभ्यासकांची पंचाईत होते. *त्यांनी* पापं केली, म्हणून *तुला* सबब नाही? हे कुठलं तर्कशास्त्र? शेजाऱ्याने चोरी केली म्हणून मी दोषी? काहींनी म्हटलं आहे की इथे 'दिओ'चा अर्थ पुसट झाला असावा, 'बरं, तर' इतकाच. पण जरा थांबून पाहिलं तर तर्क सापडतो. 'सबब नसलेला' हा शब्द पौलाने आधी विसाव्या वचनात वापरला होता, 'त्यांच्या'बद्दल. तोच इथे पुन्हा येतो, एकवचनात. जो जाणूनही करतो त्याला सबब नाही, हा नियम त्याने पहिल्या अध्यायात घालून दिला. आता नियमाखाली 'तू' येतोस हे दाखवायचं तर दोन गोष्टी लागतात. एक, तू जाणतोस. दोन, तूही करतोस. पहिली तर तूच सिद्ध केलीस, तू न्याय करतोस म्हणजे चांगलं-वाईट तुला कळतं. आणि दुसरी? त्याच वचनात पुढे लागोपाठ दोन 'गार' आहेत. ज्यात दुसऱ्याचा न्याय करतोस त्यात स्वतःलाच दोषी ठरवतोस-गार. त्याच गोष्टी-गार तू, न्याय करणारा, करतोस.

म्हणजे निष्कर्ष आधी अंगावर टाकला आणि मधली राहिलेली पायरी नंतर खाली सरकवली. भूमितीच्या वहीत असं केलं तर गुण जातील. पण ऐकणाऱ्याच्या मनावर याचा परिणाम उलट क्रमाने कधीच झाला नसता. 'दिओ' ऐकून माणूस दचकतो, "माझा काय संबंध?" म्हणतो, आणि तोच प्रश्न पुढचे दोन 'गार' उचलून धरतात. पहिल्या अध्यायापाशी वाचन थांबवणारा मात्र प्रेक्षकच राहतो. चर्चमध्ये वाचनासाठी उतारे ठरवताना अध्यायाच्या हद्दी पाळल्या की हे होतं, असं पाळकसाहेब म्हणाले, आणि वर "मीही कित्येकदा तसंच वाचलं," असंही म्हणाले.

एवढं सांगितल्यावर दुसरी बाजू सांगायला हवी, नाहीतर तुम्ही प्रत्येक 'गार'मागे तर्क शोधत बसाल. माझंही सुरुवातीला तसं झालं होतं. सातव्या अध्यायात पौल म्हणतो की माणूस जिवंत असेपर्यंतच नियमशास्त्राचा त्याच्यावर अधिकार असतो. पुढच्या वाक्यात 'गार' आहे: विवाहित स्त्री नवरा जिवंत असेपर्यंत त्याला बांधलेली असते. आता उलटी कसोटी लावा. बायको नवऱ्याला बांधलेली असते, म्हणून माणसावर नियमशास्त्राचा अधिकार असतो? छे! चालत नाही. इथे 'गार' कारण देत नाही, उदाहरण देतो. मराठीत 'आता हेच पहा ना' म्हणतो तसा. मार्काच्या शुभवर्तमानात दोघे भाऊ समुद्रात जाळं टाकताना दिसतात आणि लेखक पुस्ती जोडतो, ते मासे धरणारे होते-गार. इथे तो फक्त माहिती पुरवतो. तेव्हा नेमकं म्हणायचं तर 'गार' एवढंच सांगतो की पुढे येतंय ते मागच्याला आधार द्यायला येतंय. आधार कारणाचा की उदाहरणाचा की माहितीचा, हे वाक्यांवरून ठरवायचं. (त्याच मार्काच्या सर्वांत जुन्या प्रतींत शुभवर्तमानाचा शेवटचा शब्दच 'गार' आहे! त्या भ्याल्या होत्या-गार, आणि पुस्तक संपलं. दोनच शब्दांचं वाक्य, आणि 'गार'ला पहिली जागा वर्ज्य, मग तो शेवटी येणारच. पण पुस्तक 'कारण' या शब्दावर संपू शकतं का, यावर पंडितांचा काथ्याकूट अजून चालू आहे.)

'ऊन'चंही तसंच. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायाच्या सुरुवातीला 'मी विनंती करतो-ऊन' असं येतं, तिथे त्या एका 'तर मग'वर मागच्या अकरा अध्यायांचं ओझं आहे. पण योहानाच्या शुभवर्तमानात हाच 'ऊन' दोनशेच्या आसपास वेळा येतो आणि पुष्कळदा त्याचा अर्थ निव्वळ 'मग' असतो. मग तो म्हणाला, मग ते गेले. आजीच्या गोष्टीतला 'मग'. तेव्हा शब्द तोच असला तरी पौलाचा 'ऊन' वेगळा आणि योहानाचा वेगळा. लेखकाची सवय पाहिल्याशिवाय कोशातला अर्थ घेऊन चालत नाही.

आणि कधी कधी शब्द कोणता होता हेच नक्की नसतं. गलतीकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात याचा सुरेख नमुना आहे. दहाव्या वचनात पौल रागाने विचारतो, मी काय माणसांना खूश करायला पाहतो आहे? अकराव्यात म्हणतो, बंधूंनो, मी तुम्हाला कळवतो की मी सांगितलेली सुवार्ता माणसाच्या मापाची नाही. 'कळवतो'नंतर जो छोटा शब्द आहे त्यावर जुन्या हस्तलिखितांत एकमत नाही. रोममधल्या व्हॅटिकन ग्रंथालयातल्या चौथ्या शतकाच्या प्रतीत 'गार' आहे. लंडनला असलेल्या, त्याच शतकातल्या सिनाय प्रतीच्या मूळ लेखनिकाने 'दे' लिहिलं आहे. आणि इसवी सन २०० च्या आसपासचा पपायरस, ज्याची पानं आज डब्लिन आणि मिशिगन अशी वाटली गेली आहेत, त्यातही 'दे'च आहे.

फरक काय पडतो? 'गार' असेल तर अकरावं वचन दहाव्याचं कारण होतं. मी माणसांना खूश करत नाही, कारण माझी सुवार्ताच माणसांकडची नाही. म्हणजे राग अजून चालू आहे आणि त्याला पुरावा दिला जातो आहे. 'दे' असेल तर पान उलटतं. राग संपला, आता मी माझी हकीगत सांगतो, ऐका. तीन अक्षरं की दोन, यावर परिच्छेद कुठे पाडायचा ते ठरतं.

निवडायचं कसं? लेखनिकाचा हात कुठे घसरला असेल याचा विचार करायचा. दहाव्या, बाराव्या आणि तेराव्या वचनांत 'गार' आहेतच, त्यांच्या गर्दीत हाताने सवयीने आणखी एक 'गार' लिहिला असेल. हे 'दे'च्या बाजूने. उलट, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायाची सुरुवात जवळजवळ याच शब्दांनी होते, 'कळवतो-दे तुम्हाला, बंधूंनो'. तो प्रसिद्ध उतारा लेखनिकाच्या तोंडात बसलेला असणार, त्यामुळे इथेही 'दे' उतरला असेल. हे 'गार'च्या बाजूने. आज अभ्यासात वापरली जाणारी छापील ग्रीक आवृत्ती 'गार' छापते. मीही तिकडेच झुकतो, पण पपायरस इतका जुना आहे की छातीठोकपणे बोलवत नाही. पाळकसाहेब 'दे'वाले आहेत. या विषयावर आमचे दोन गुरुवार गेले आणि चहाच्या चार फेऱ्या.

नातीने त्या संध्याकाळी आपल्या इंग्रजी पुस्तकात अठराव्या वचनाआधी पेन्सिलीने देवनागरीत 'कारण' लिहिलं आणि मथळ्यावर एक बारीक रेघ मारली. पुस्तकात लिहू नये असं मी शाळेत मुलांना सांगत असे, पण काही बोललो नाही.

कालच्या गुरुवारी आम्ही तिसऱ्या अध्यायात शिरलो. तिथे पौल विचारतो, यहुदी असण्यात फायदा काय? आणि उत्तर देतो, सगळ्या बाजूंनी पुष्कळ. पहिली गोष्ट म्हणजे... इथे ग्रीकमध्ये 'मेन' आहे. 'मेन' आला की पुढे 'दे' येणार असं ऐकणाऱ्याला वाटतं, 'एक तर हे, आणि दुसरं ते' असं. आम्ही पुढे शोधत गेलो. दुसरी गोष्ट नाहीच! पहिल्या अध्यायातही आठव्या वचनात 'प्रथम' आणि 'मेन' आहे, आणि तिथेही दुसरं काही आलेलं नाही. सांगता सांगता माणूस विषयात रंगला आणि तर्तियुस बिचारा लिहीत राहिला, त्याने काही मध्येच विचारलं नाही की साहेब, दुसरा मुद्दा?

पाळकसाहेब म्हणाले, "गुरुजी, तुम्ही असता तर किती गुण कापले असते?"

म्हटलं, "दोन्ही ठिकाणी मिळून एक."